हेम्प, विजया, सीबीडी: एकाच बाटलीवरची तीन नावं

प्रश्न: मावशीच्या गुडघ्यांसाठी भावाने सोलापुरात एक तेल आणलं. त्यावर 'हेम्प', 'विजया अर्क' आणि 'सीबीडी' असं तिन्ही लिहिलंय. शब्दकोशात हेम्प म्हणजे अंबाडी. मग हे अंबाडीचं तेल की गांजाचं?

अंबाडीचं नक्की नाही. इंग्रजीत कोणत्याही दोरखंडी वनस्पतीला हेम्प म्हणायची सवय होती. आपल्या अंबाडीला 'डेक्कन हेम्प' म्हणाले, तागाला 'सन हेम्प', आणि कोशांत तेच उतरलं. भाकरीबरोबर आपण खातो त्या अंबाडीच्या भाजीचा भांगेच्या झाडाशी काही संबंध नाही. बाटलीवरचं हेम्प म्हणजे मात्र भांगेचंच झाड.

पण झाड एक असलं, तरी तेलं दोन: बीचं तेल आणि पान-फुलोऱ्याच्या अर्काचं तेल. बी दाबून काढलेलं तेल खाद्यतेल असतं. त्यात नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, ही दोन्ही रसायनं जवळजवळ नसतात, कारण ती बीमध्ये नव्हे, तर मुख्यतः फुलोऱ्यावरच्या चिकट राळेत तयार होतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये बी आणि बीतेलाला अन्न म्हणून मान्यता दिली, पण सीबीडीच्या अर्काला ती लागू नाही. दोन्हींवर 'हेम्प ऑइल' लिहिलं की घोळ होतो.

'विजया' हे भांगेचं जुनं संस्कृत नाव. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ते भांगेच्या पर्यायनामांत येतं आणि हिरड्याच्या सात प्रकारांतही, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. आयुर्वेदिक परवान्याची औषधं 'विजया पत्र' लिहितात, कारण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे. नुसतं पान तिच्यात बसत नाही. चरसची व्याख्या मात्र राळेची आहे, कच्ची असो वा शुद्ध केलेली. म्हणजे रेणू तोच असला, तरी तो पानातून आला की राळेतून, यावर कायदा बदलतो. रसायनशास्त्र रेणू पाहतं, कायदा झाडाचा भाग पाहतो. मला हाच गोंधळाचा खरा उगम वाटतो. शिवाय महाराष्ट्रात भांगेच्या पानावर 1949 चा दारूबंदी कायदा आहेच.

तुमच्या बाटलीवर समजा 30 मिली आणि 'विजया अर्क 1000 मिग्रॅ' असेल. तर मिलीला सुमारे 33 मिग्रॅ अर्क झाला, सीबीडी नव्हे. अर्कात सीबीडी आणि टीएचसी किती, हे वेगळं लिहिलेलं हवं. ते नसेल, तर उत्पादकाकडून त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागवा. 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशाराही पाहा. औषधनियमांच्या ई(१) या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे (बी वगळून), त्यामुळे पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधावर तो लागतोच. मावशी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर तोंडावाटे घेण्याआधी डॉक्टरांना बाटलीच दाखवा, कारण सीबीडीमुळे अशा काही गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो.