डोक्यावरचा स्क्रू: रुला की रेबा?

"बुटीबोरीत आमच्या असेंब्ली लाइनवर कामगार डोक्याच्या वर हात नेऊन स्क्रू कसतो. स्कोअर रुलाने काढू की रेबाने?"

दोन्ही कामाच्या पोझवरून शरीरावरच्या ताणाचा स्कोअर काढायच्या पद्धती आहेत. इथे रुलाने काढा, कारण माणूस एका जागी सरळ उभा आहे आणि सगळा ताण हात-मानेवर येतो. खाली वाकून क्रेट उचलणाऱ्याला मात्र रेबा लावा. त्यात गुडघ्याचा वाक आणि पकडसुद्धा मोजतात. हिंगण्याच्या एका लाइनवर मी अशीच पोझ मोजली होती. दंड 90 अंशांच्या वर, कोपर काटकोनात, मनगट किंचित वाकलेलं: हाताच्या तक्त्यात 4. मान मागे झुकलेली, म्हणून मान-पाठ-पायांच्या तक्त्यात 5. हीच हालचाल मिनिटाला 4 पेक्षा जास्त वेळा होत होती, म्हणून दोन्हीकडे 1 वाढवला. स्क्रूगन 2 किलोपेक्षा हलकी, तिचा शून्य. हे 5 आणि 6 तिसऱ्या तक्त्यात जुळवले की अंतिम स्कोअर 7, म्हणजे काम ताबडतोब बदला. फिक्स्चर छातीपर्यंत खाली घेतल्यावर तोच स्कोअर 3 वर आला.

एक सांभाळा: फोटो अगदी बाजूने काढा. तिरक्या फोटोत दंडाचा कोन चुकीचा दिसतो. आणि हा स्कोअर त्या एका क्षणाचा असतो, आठ तासांच्या थकव्याचा नाही.