मशीनचं गार्ड कोणी काढलं ते मूळ कागदात नसेल, तर इंग्रजीतही येऊ देऊ नका

प्रश्न: बुटीबोरीच्या प्लँटमध्ये एचआरला आहे. तिसऱ्या पाळीत एका हेल्परच्या हाताला मशीनमध्ये लागलं. सुपरवायझरने मराठीत पानभर लिहून दिलंय, ते परदेशातल्या हेड ऑफिसला इंग्रजीत पाठवायचंय. एजन्सीला देऊ की स्वतः करू?

स्वतः करा, आणि सुपरवायझरला शेजारी बसवून करा. मी वकील नाही, सेफ्टी ऑफिसरही नाही. हिंगण्याच्या एका प्लँटमध्ये असे कागद पुढे पाठवण्याचं काम बरीच वर्षं केलं, तेवढ्यावरून सांगतोय.

आमच्याकडे कन्व्हेअरवर असंच झालं होतं. सुपरवायझरने लिहिलं होतं, 'गार्ड काढलेले होते. साफसफाई करताना हेल्परच्या उजव्या हाताला लागले.' यात काढणारा कोण, हे कुठेच नाही. मराठीत असं वाक्य पूर्ण असतं, वाचणाऱ्यालाही काही खटकत नाही. एजन्सीने त्याचं 'गार्ड वॉज रिमूव्हड' केलं. इथेच घोळ सुरू झाला, कारण त्यावरून गार्ड आधीपासून नव्हतं की त्याच वेळी काढलं, हे कळत नाही.

मग ते मधल्या एका ऑफिसात गेलं. तिथल्या साहेबांना प्रत्येक वाक्यात 'कोणी केलं' हवं होतं, फॉर्म तसाच आहे म्हणे. पुढच्याच वाक्यात हेल्पर होता, तोच त्यांनी उचलून कर्ता केला. आम्हाला एक फोन नाही, मेल नाही. हेड ऑफिसच्या सिस्टीममध्ये नोंद झाली की हेल्परने गार्ड काढून चालू बेल्टखाली हात घातला. कारण काय, तर कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय काय, तर पुन्हा ट्रेनिंग. केस बंद! ठेकेदाराने त्या पोराचा गेटपासही थांबवला.

तो मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होता, 'गार्ड पहिलेपासून खोलूनच होतं, साहेब.' मेंटेनन्सचं लॉगबुक उघडलं तर दुसऱ्या पाळीत बेल्ट एका बाजूला सरकतो म्हणून टेल पुलीजवळचं गार्ड खोलल्याची नोंद होती. परत बसवल्याची नव्हती. पाळी बदलताना हॅंडओव्हर रजिस्टरमध्येही त्याबद्दल अक्षर नाही. म्हणजे खरी चूक पाळी बदलण्याच्या पद्धतीत होती, आणि ट्रेनिंगने ती सुटणार नव्हती. बंद झालेली नोंद पुन्हा उघडायला मधल्या ऑफिसची मंजुरी लागते, आणि ती मिळवताना आमचा जीव मेटाकुटीला आला. असो.

म्हणून तुमच्या पानावरची कर्ता नसलेली सगळी वाक्यं आधी पेन्सिलने अधोरेखित करा. बंद केले, सांगितले होते, लक्षात आले नाही, अशी. प्रत्येकाबद्दल सुपरवायझरला विचारा: कोणी, आणि तुम्ही पाहिलं की ऐकलं? पण मिळालेलं उत्तर भाषांतरात घुसवू नका. भाषांतरात 'गार्ड आधीच काढलेलं होतं' एवढंच येईल आणि शेजारी चौकोनी कंसात 'कोणी काढलं याचा मूळ निवेदनात उल्लेख नाही' असं इंग्रजीत लिहायचं. नवी माहिती वेगळ्या पुरवणी निवेदनात घ्या, त्या दिवसाची तारीख आणि सही घालून. मूळ मराठी पानाचा स्कॅन सोबत जोडा आणि दोन्हीकडे परिच्छेदांना तेच क्रमांक द्या, म्हणजे मधल्या कोणी बदल केला तर लगेच दिसेल. यावर 'फार किचकट होतं' असं कोणी म्हणेल. म्हणू द्या.

दुखापतीबद्दल सुपरवायझरच्या शब्दांवर जाऊ नका, डॉक्टरांचा कागद घ्या. 'दवाखान्यात नेऊन पट्टी केली' असं सर्रास लिहितात आणि आत टाके असतात. बऱ्याच बहुराष्ट्रीय कंपन्या अमेरिकेच्या ओशा नियमांचं वर्गीकरण जगभर वापरतात. त्यात जखम धुणं, पट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हे प्रथमोपचार, पण टाके पडले की वैद्यकीय उपचार. एका टाक्यानेही रकाना बदलतो. आपल्याकडे सरकारी नोटिशीसाठी ४८ तास कामावर येता न येणं हा वेगळा निकष आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका, आणि सरकारी नोटीस हेड ऑफिसच्या उत्तरासाठी अडवून तर अजिबात ठेवू नका.

तारखेचंही पाहा. रात्री दीडला झालेल्या अपघातावर सुपरवायझर बहुतेक वेळा पाळी सुरू झाली ती तारीख टाकतो. घड्याळाप्रमाणे जी असेल ती लिहा, महिना अक्षरात, कारण ०३/०४ अमेरिकेत ४ मार्च वाचतील. हेल्परचं आधार कार्ड किंवा जखमेचे फोटो मागितल्याशिवाय जोडू नका. आणि अंतिम इंग्रजी पाठवण्याआधी ते मराठीत तोंडी सांगून त्या हेल्परला ऐकवा. आमच्याकडे हे केलं असतं तर तो पहिल्याच वाक्याला उठून उभा राहिला असता.