सर्व्हे नंबर तारीख होऊ नये म्हणून

प्रश्न : जुन्या कागदांवरून टाइप केलेला तक्ता एक्सेलमध्ये पेस्ट केला, की 12/3 किंवा 5-2 असे आकडे न विचारता तारखा होतात. हे कसे थांबवावे?

पेस्ट करण्यापूर्वी तो संपूर्ण कॉलम निवडून त्याचे स्वरूप `Text` करावे आणि मग उजव्या क्लिकमधील `Match Destination Formatting` हा पर्याय निवडून पेस्ट करावे. नुसते Ctrl+V दाबल्यास वर्डमधील किंवा ब्राउझरमधील तक्ता आपले स्वरूप बरोबर घेऊन येतो, तुम्ही आधी केलेले `Text` पुसले जाते आणि 12/3 चा 12-Mar होतो. अनेकांची तक्रार असते की `Text` करूनही उपयोग झाला नाही. त्यातील बहुतेकांचे या दुसऱ्या पायरीवरच चुकलेले असते.

माझा चुलतभाऊ हिशेबनीस आहे आणि त्याचे म्हणणे असे, की यात एवढे काही नाही. पेस्ट करावे, तारखा दिसल्या तर कॉलम निवडून `Text` करावे. हे साफ चूक आहे. एक्सेल तारीख ही तारीख म्हणून साठवत नाही, तर १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा क्रमांक म्हणून साठवते. त्यामुळे 12 मार्च 2025 झालेल्या कप्प्याला नंतर `Text` केले, की तेथे 12/3 परत येत नाही, 45728 येते. मूळ मजकूर त्या कप्प्यात शिल्लकच राहिलेला नसतो.

गोव्यात जमिनीच्या कागदांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे विशेष बाधते, कारण फॉर्म १ व १४ वरचा सर्व्हे नंबर आणि त्याचा उपविभाग यादीत याच रूपात लिहिला जातो. मी डिचोली भागातील कुटुंबांना जुन्या याद्या टाइप करून देतो. एका कुटुंबाच्या इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे वारसांमध्ये मिळकत वाटण्याच्या प्रकरणासाठी, मी मिळकतींची यादी वर्डच्या तक्त्यात तयार करून दिली होती. ती एका कार्यालयात एक्सेलमध्ये पेस्ट केली गेली, सर्व्हे नंबरांच्या तारखा झाल्या, त्या तेथील माणसाच्या लक्षात आल्या आणि त्याने त्या स्वतःच ‘दुरुस्त’ केल्या. नवा कॉलम घालून त्याने हे सूत्र खालपर्यंत ओढले होते :

```
=DAY(B2)&"/"&MONTH(B2)
```

सूत्र दिसायला निर्दोष आहे, परंतु यादी ज्या संगणकावर पेस्ट झाली त्याचे प्रादेशिक सेटिंग अमेरिकेचे होते. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, म्हणून 12/3 चा अर्थ 3 डिसेंबर असा लागला होता आणि वरील सूत्राने त्याचे 3/12 केले. 3/12 हाही त्याच गावातील खराखुरा सर्व्हे नंबर होता आणि ती जमीन दुसऱ्याच कुटुंबाची होती. 7/45 चे तर आणखी वेगळे झाले. 45 हा दिवसही नव्हे आणि महिनाही नव्हे, म्हणून एक्सेलने त्याला वर्ष मानले, Jul-45 दाखवले आणि आत 1 जुलै ही तारीख ठेवली. सूत्राने त्यातून 1/7 काढले. 54/1-A मात्र जसाच्या तसा राहिला, कारण मागे A असल्यावर तारीख बनत नाही. यादीच्या पहिल्याच ओळीत 4/4 होता. तो कसाही उलटला तरी 4/4 च राहतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला यादी बरोबर वाटली.

चूक सापडली ती क्षेत्रफळामुळे. 3/12 समोरचे चौरस मीटर उताऱ्याशी जुळेनात आणि मी दिलेली मूळ यादी समोर ठेवल्यावर तेच क्षेत्रफळ 12/3 समोर होते. कार्यालयाचे म्हणणे असे, की टाइप करणाऱ्याकडूनच अंक उलटे पडले असतील. माझी वर्डची फाइल तशीच असल्याने तो वाद पाच मिनिटांत मिटायला हवा होता. तो अजूनही पूर्ण मिटलेला नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की तारखांपासून मूळ आकडे परत काढण्याच्या भानगडीत पडूच नये. मूळ तक्ता हाताशी असेल तर सगळे पुसून पुन्हा पेस्ट करावे. तो नसेलच तर आधी फाइल कोणत्या सेटिंगच्या संगणकावर तयार झाली ते विचारावे आणि ज्या तारखांचे वर्ष पेस्ट केल्याच्या वर्षापेक्षा वेगळे आहे त्या बाजूला काढून कागदाशी हाताने पडताळाव्यात. इतके करूनही मूळ नंबर 5/2 होता की 5-2 किंवा 05/02, हे कळण्याचा मार्ग नाही. तिन्हींची तारीख एकच बनते.

पेस्ट झाल्यावर यादी डोळ्यांनी तपासत बसू नका. तारीख झालेला कप्पा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे राहतो, हे खरे. पण कोणी कॉलम मध्यभागी आणला असेल तर ही खूणही जाते. त्यापेक्षा एका रिकाम्या कप्प्यात हे लिहावे :

```
=SUMPRODUCT(--ISNUMBER(B2:B200))
```

उत्तर 0 आले तर कॉलममध्ये एकही तारीख लपलेली नाही. उपविभाग नसलेला नुसता 54 सुद्धा योग्य रीतीने पेस्ट झाला असेल तर मजकूर म्हणूनच बसतो, त्यामुळे तो येथे मोजला जात नाही.

हिश्श्यांचा कॉलम असेल तर गोष्ट वेगळी. 1/2, 1/8 हे हिस्से पुढे गुणायचे असतात, म्हणून तो कॉलम `Text` न करता आधी `Fraction` करावा. मग 1/8 टाइप केल्यावर आत 0.125 बसते. मात्र याच `Fraction` मध्ये सर्व्हे नंबर कधीही टाकू नयेत. तेथे 2/4 चा 1/2 होतो, म्हणजे पुन्हा दुसऱ्याची जमीन.

कप्प्यात आधी ' हे चिन्ह देऊन लिहिण्याचा उपाय हाताने चार नंबर भरताना ठीक आहे, पेस्टसाठी नाही. एक्सेलच्या नव्या आवृत्तीत `Automatic Data Conversion` नावाचे पर्याय आहेत, पण त्यातील तारखेचा पर्याय MAR1 सारख्या सलग अक्षर-अंकांसाठी आहे. सर्व्हे नंबरांसाठी त्याच्यावर विसंबू नका. लिबरऑफिस वापरत असाल तर `Paste Special` मधून `Unformatted Text` घ्यावे आणि उघडणाऱ्या खिडकीत त्या कॉलमचा प्रकार `Text` करावा.

एक गोष्ट सांगायची राहिली. हे सगळे नीट करून फाइल CSV म्हणून जतन केली, तर `Text` हे स्वरूप तिच्यात उरत नाही आणि समोरच्याने ती दोनदा क्लिक करून उघडली की सगळ्या तारखा पुन्हा उगवतात. CSV पाठवावीच लागली तर त्याला `Data` मधील `From Text/CSV` ने उघडून `Do not detect data types` निवडायला सांगा. माझा चुलतभाऊ अजूनही दोनदा क्लिक करतो, म्हणून त्याला मी यादी xlsx मध्येच पाठवतो.