चुंबकाकडे ‘ओढले जाणारे’ की चुंबकरेषेने ‘पोहणारे’?

प्रश्न : सांगलीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी कृष्णेच्या गाळातल्या मॅग्नेटोटॅक्टिक जिवाणूंचा फलक करतोय. ‘चुंबकाकडे ओढले जाणारे जिवाणू’ लिहिले तर चालेल का? की ‘चुंबकानुवर्ती’ लिहावे? आणि त्यांच्या पोटात ‘साखळी’ असते म्हणतात, ती कशाची?

‘ओढले जाणारे’ नको, कारण त्यांना कोणी ओढत नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जिवाणूच्या लांबीभर सगळीकडे सारखेच असते. अशा क्षेत्रात चुंबक वळतो, पण कुठल्याही बाजूला सरकत नाही. होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करते, डबीतून उत्तरेकडे निघून जात नाही, तसेच हे. पुढे जायचे काम जिवाणूची शेपटी करते. तिला मराठीत कशाभिका म्हणतात. मेलेला जिवाणूही क्षेत्राच्या दिशेने वळून राहतो, फक्त जागचा हलत नाही.

प्रयोगशाळेतला जोरदार पट्टीचुंबक शेजारी ठेवला, तर ओढ थोडी असते. ती किती असते ते मोजून पाहू. जिवाणूचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबक म्हणून त्याची ताकद, 10⁻¹⁵ अँपिअर-वर्गमीटरच्या आसपास असते. क्षेत्र मीटरमागे 1 टेस्लाने बदलत असेल, तर त्याच्यावरचे बल 10⁻¹⁵ न्यूटन होते. पाण्याचा विरोध धरला, तर एवढ्या बलाने जिवाणू सेकंदाला 0.05 मायक्रोमीटर सरकेल. स्वतः पोहताना तो सेकंदाला 40 मायक्रोमीटर तरी सहज जातो. म्हणजे ओढीचा वाटा हजारातसुद्धा एक-दोनच.

आता ‘अनुवर्ती’. जीवशास्त्रात अनुवर्तन म्हणजे एका जागी रुजलेल्या वनस्पतीच्या अवयवाने वाढता वाढता वळणे, उदाहरणार्थ प्रकाशानुवर्तन. सबंध जीव उठून चालू लागला, की त्याला अनुचलन म्हणावे. त्यामुळे फलकावर ‘चुंबकानुचलनी जिवाणू’ लिहा. त्याखाली ‘चुंबकीय रेषा धरून पोहणारे’ एवढा खुलासा जरूर द्या, कारण अनुचलन म्हटले की लोकांना ‘चुंबकाच्या दिशेने जाणे’ एवढेच वाटते. चुंबकीय क्षेत्र त्यांना फक्त मार्ग आखून देते. त्या मार्गावर पुढे जायचे की मागे, हे प्राणवायू ठरवतो.

साखळीबद्दल सांगतो. जिवाणूच्या आत मॅग्नेटाइट या लोहऑक्साइडचे स्फटिक असतात, काही जातींत ग्रेगाइट या लोहसल्फाइडचे. प्रत्येक स्फटिकाभोवती स्वतःचे पातळ आवरण असते. आवरणासकट या घटकाला मॅग्नेटोसोम म्हणतात. स्फटिकाचा आकार साधारण 35 ते 120 नॅनोमीटर असतो, आणि या मापाला कारण आहे. याहून लहान स्फटिकाचे चुंबकत्व उष्णतेच्या धक्क्यांनी दिशा बदलत राहते. याहून मोठ्यात वेगवेगळ्या दिशांचे भाग पडतात आणि ते एकमेकांना बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात. मधल्या मापात अख्खा स्फटिक एकदिश, टिकाऊ चुंबक राहतो.

पण एकटा स्फटिक पुरत नाही. 45 नॅनोमीटर बाजूचा एक स्फटिक धरा. सांगली-साताऱ्याकडे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे 43 मायक्रोटेस्ला आहे. त्यात या स्फटिकाला वळवणारी ऊर्जा पाण्याच्या रेणूंच्या उष्ण धडपडीच्या निम्मीही भरत नाही, त्यामुळे त्याची दिशा जवळजवळ कुठलीही असू शकते. तेच 20 स्फटिक एका ओळीत लागले, की ऊर्जा त्या धडपडीच्या नऊपट होते आणि जिवाणू पोहताना सरासरी 89 टक्के वेग क्षेत्राच्या दिशेने खर्ची पडतो. मात्र ओळ आपोआप राहत नाही. सुटे चुंबक एकमेकांना चिकटून गोळा होतात, उत्तर-दक्षिण ध्रुव एकमेकांना निष्प्रभ करतात. म्हणून पेशीत मॅमके या प्रथिनाचा धागा असतो आणि मॅमजे हे प्रथिन स्फटिक त्या धाग्याला बांधून ठेवते. मॅमजे काढून टाकलेल्या जिवाणूत ओळ कोसळून खरोखर गोळा झालेला दिसतो. ‘साखळी’ शब्द रूढ आहे, तोच ठेवा. फलकावर ‘स्फटिकांची साखळी’ लिहा, नुसते ‘लोखंडाची साखळी’ नको.

गाळात याचा उपयोग काय? या जिवाणूंना प्राणवायू अगदी थोडा लागतो. वरच्या पाण्यात तो जास्त असतो, खोल चिखलात संपलेला असतो. मधला सोयीचा थर काही मिलिमीटरांचाच असतो आणि आडवा पसरलेला असतो. चहूबाजूंनी शोधत बसण्यापेक्षा वरखाली जाणारी एकच रेषा धरली, तर हा थर लवकर सापडतो. उत्तर गोलार्धात क्षेत्राची रेषा उत्तरेकडे आणि जमिनीत खाली झुकते, म्हणून इथले बहुतेक जिवाणू उत्तरगामी असतात. दक्षिण गोलार्धात बहुतेक दक्षिणगामी असतात. ‘उत्तरेकडे जाणारे’ एवढेच लिहिले, तर खाली जाणे हा महत्त्वाचा भागच निसटतो.

आपल्याकडे मात्र हा झुकाव कमी आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिचर्ड ब्लेकमोर यांनी 1975 मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या गाळातल्या ज्या जिवाणूंचे वर्णन केले, तिथे रेषा बरीच उभी आहे. सांगली-साताऱ्यात ती आडव्यापासून 20 ते 25 अंशच खाली जाते. 23 अंश धरले, तर 1 मिलिमीटर खोल जायला रेषेवरून अडीच मिलिमीटर पोहावे लागते. शिवाय 11 टक्के वेग दिशेच्या चुकण्यात जातो. सेकंदाला 40 मायक्रोमीटर वेगाने 1 मिलिमीटर खोली गाठायला सव्वा मिनिट लागेल. म्हणून इथल्या फलकावर बाण उभा काढू नका, तिरपा काढा.

प्रात्यक्षिक करणार असाल, तर आपल्या भागाची एक अडचण लक्षात घ्या. कृष्णा-कोयनेचा गाळ काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेला आहे. त्यात मॅग्नेटाइटचे खडकी कण भरपूर असतात, आणि चुंबक लावला की तेच आधी चिकटतात. हे कण खरेच ओढले जातात, आणि त्यांनाच जिवाणू समजण्याची चूक होते.

एक लिटरच्या बरणीत तिसरा हिस्सा गाळ आणि वर त्याच ठिकाणचे पाणी घ्या. झाकण सैल ठेवा आणि बरणी अंधाऱ्या जागी काही आठवडे न हलवता राहू द्या. मग गाळाच्या पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर वर, काचेला बाहेरून चुंबकाचा दक्षिण ध्रुव अर्धा-एक तास लावा. होकायंत्राच्या सुईचे उत्तर टोक ज्याकडे वळते, तो दक्षिण ध्रुव. चुंबकावरचा रंग किंवा अक्षर यावर विसंबू नका. तिथले पाणी ड्रॉपरने घेऊन काचपट्टीवर थेंब ठेवा आणि दक्षिण ध्रुव त्याच्या एका बाजूला आणा. काही मिनिटांत 400 पट मोठे करून त्याच कडेवर गर्दी दिसली, तर चुंबक उलटा करा. जिवंत जिवाणू वळून समोरच्या कडेकडे निघतात. खडकी कण जागच्या जागी गिरकी घेतात आणि तिथेच राहतात. मेलेले जिवाणूही वळतात पण पुढे जात नाहीत, म्हणून नुसते वळणे पाहून निष्कर्ष काढू नका. दोन-चार उलट्या बाजूला गेले, तर घाबरू नका, त्या गाळात थोडे दक्षिणगामीही असू शकतात.

फलकाचे शीर्षक असे ठेवता येईल : ‘चुंबकानुचलनी जिवाणू : चुंबकीय रेषा धरून गाळातला कमी प्राणवायूचा थर शोधणारे’. ‘जिवाणू’ मधला ‘जि’ ऱ्हस्व लिहा.