क्विड, मंकी आणि ‘ओल्ड बिल’

मुलगी लंडनला शिकते. खोलीचं भाडं ‘सिक्स हंड्रेड क्विड’ सांगते. क्विड म्हणजे पाउंडच ना? मग अनेकवचनी ‘क्विड्स’ का नाही?

हो, पाउंडच. पण रकमेसोबत हा शब्द एकवचनीच राहतो: ‘टेन क्विड’. हजारासाठीचा ‘ग्रँड’ही तसाच, ‘थ्री ग्रँड’. अमेरिकेतल्या डॉलरचे मात्र ‘टेन बक्स’ होतात. ‘क्विड्स इन’ असं कुठे ऐकलंत, तर त्याचा अर्थ फायद्यात असणं; तो वाक्प्रचार वेगळा. पाचाची नोट ‘फायव्हर’, दहाची ‘टेनर’. दुकानात, मित्रांत हे सगळं बिनधास्त चालतं. भाडेकरारात, बँकेच्या अर्जात फक्त पाउंड.

पाचशे पाउंडांना ‘मंकी’ म्हणतात, कारण आपल्याकडच्या पाचशेच्या नोटेवर माकड होतं. हे खरं आहे का?

गोष्ट झकास आहे, पण पटण्यासारखी नाही. हिंदुस्थानातून परतलेल्या गोऱ्या शिपायांनी हे शब्द नेले आणि पंचविसाच्या नोटेवरच्या घोड्यामुळे २५ पाउंड ‘पोनी’ झाले, असं सांगतात. माकडाचं चित्र असलेली पाचशेची नोट मात्र कुणी दाखवू शकलेलं नाही. दोन्ही शब्द घोड्यांच्या शर्यतीत, पैजांच्या बोलीत रुळले. आजही लंडनबाहेर ते फारसे कानावर पडत नाहीत. मुलीने ओळखले म्हणजे पुरे, वापरायची गरज नाही.

पोलिसाला ‘बॉबी’ म्हटलं तर चालतं?

तोंडावर नको. सरळ ‘ऑफिसर’ म्हणावं. १८२९ साली गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनचं पोलीस दल उभारलं. रॉबर्टचं लाडकं रूप बॉबी आणि आडनावावरून ‘पीलर’. पीलर आता मुख्यतः उत्तर आयर्लंडमध्ये उरलाय, तर बॉबी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत. लंडनकर आपसात ‘ओल्ड बिल’ म्हणतात, तरुण पोरं अमेरिकेची उसनवारी करून ‘फेड्स’. ‘कॉपर’ तांब्याच्या बटणांवरून आला हेही खोटं. ‘कॉप’ म्हणजे पकडणं, पकडणारा तो कॉपर.

ऑफिसातला इंग्रज सहकारी ‘आय वॉज पिस्ड’ म्हणाला. मी विचारलं, कुणावर चिडलास? सगळे हसले.

अमेरिकन मालिका जास्त पाहता वाटतं! तिकडे त्याचा अर्थ चिडलेला. ब्रिटनमध्ये दारू चढलेला. मागे ‘ऑफ’ लागला की दोन्हीकडे चिडलेलाच. शब्द जरा असभ्य आहे, साहेबासमोर ‘ड्रंक’ पुरे. थोडीशीच चढली असेल तर ‘टिप्सी’.

डॉक्टरकडे मात्र ‘अ कपल ऑफ पाइंट्स’ एवढ्यावर भागत नाही. तिथे आठवड्याची ‘युनिट्स’ विचारतात. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. पाइंट ५६८ मिलिलिटरचा. ४ टक्क्यांची बिअर असेल तर साधारण २.३ युनिट्स. शुक्रवारी दोन, शनिवारी दोन पाइंट घेतले की झाली नऊच्या वर, आणि तिथला सल्ला आठवड्याला १४ च्या पुढे न जाण्याचा. ग्लासातली वाइन वेगळी मोजायची.