घर बायकोच्या नावावर करून दिवाळखोरी घ्यावी का?

प्रश्न : बेळगावच्या वडगावात माझं एकट्याच्या नावाचं साड्यांचं दुकान आहे. धंदा पार बसला. बँकेची कॅश क्रेडिट 14 लाख, सौहार्द सोसायटीचे 5, सुरतच्या तीन व्यापाऱ्यांची उधारी 9, मेहुण्याचे हातउसने 3 आणि जीएसटीचा 1 लाख थकला आहे. दुकानातला माल बँकेकडे तारण, विकला तर 6 लाख येतील. घर माझ्या कमाईचं, 12 लाखांचं, त्यावर बोजा नाही. घर बायकोच्या नावावर करून, मेहुण्याचे पैसे देऊन मग दिवाळखोरीचा अर्ज करावा म्हणतो. चालेल का?

उत्तर : या दोन्ही गोष्टी करू नका. मेहुण्याची काळजी मला समजते, पण या वाटेने त्यांचंही भलं होणार नाही.

दुकान आणि तुम्ही कायद्याला वेगळे नाहीत. कंपनी असती तर देणं बहुधा तिच्यापाशी थांबलं असतं. इथे सुरतची उधारी थेट तुमच्या घरापर्यंत येते. 2016 च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांना. तुमच्यासारख्या व्यापाऱ्याला अजून 1920 चाच प्रांतिक नादारी कायदा आहे आणि तो अर्ज बेळगावच्या जिल्हा न्यायालयाच्या अधिकारात येतो.

न्यायालयाने नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलं की तुमची मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अर्जाच्या आधी दोन वर्षांत मोबदल्याशिवाय बायकोच्या नावे केलेलं घर तो रद्द करवून परत आणू शकतो. दोन वर्षं थांबूनही सुटका नाही, कारण देणेकऱ्यांना टाळण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही रद्द होऊ शकतं. मेहुण्याला झुकतं माप देण्यासाठी पैसे दिले आणि तीन महिन्यांत अर्ज दाखल झाला, तर तो व्यवहारही टिकत नाही. पैसे त्यांच्याकडून परत मागितले जातील. शिवाय अशा व्यवहारांचा आधार घेऊन एखादा देणेकरीच तुमच्याविरुद्ध अर्ज घालू शकतो.

आता वाटणी पाहा. बँक तारण माल विकून 6 लाख घेईल आणि उरलेल्या 8 लाखांसाठी बाकीच्यांच्या रांगेत येईल. घराचे 12 लाख आले असं धरू. न्यायालय आणि रिसीव्हरचा खर्च त्यातूनच आधी जातो, तो सोयीसाठी बाजूला ठेवतो. सरकारी देणं पहिलं, म्हणून जीएसटीचा लाख गेला. उरले 11. मागणारे आहेत बँक 8, सोसायटी 5, सुरत 9, मेहुणा 3, म्हणजे 25 लाख. प्रत्येकाला रुपयामागे 44 पैसे. मेहुण्याला 1 लाख 32 हजार मिळतील, सुरतकरांना 3 लाख 96 हजार. नात्याला वेगळा भाव नाही.

तुमच्यासाठी अवघड जागा याच्या पुढे आहे. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही भागत नसतील, तर न्यायालय देण्यांतून सरसकट मुक्ती नाकारतं. अपवाद एवढाच, की परिस्थितीला तुम्ही जबाबदार नव्हता हे पटवून द्यावं लागतं. हिशोबाच्या वह्या नीट नसल्या, किंवा देणं भागणार नाही हे कळूनही तुम्ही व्यापार चालू ठेवला असेल, तरीही तेच. म्हणून आज उधारीवर एक गठ्ठाही उचलू नका. मुक्ती मिळेपर्यंत नवी कमाई, नवी मालमत्ताही रिसीव्हरच्या हाती जाऊ शकते. नादार असल्याचं न सांगता पन्नास रुपयांची उधारी करणंसुद्धा गुन्हा आहे. आणि मुक्ती मिळाली तरी सरकारी देणं उरतं.

सगळंच मात्र जात नाही. तुमच्या आयुर्विमा पॉलिसीचे पैसे, पीपीएफ, अंगावरचे कपडे, भांडीकुंडी यांना जप्ती लागत नाही. बायकोचं स्त्रीधन तिचंच, फक्त ते तिला माहेरून किंवा भेट म्हणून मिळाल्याचा पुरावा सांभाळा.

माझा सल्ला असा : अर्ज लगेच नको. आधी वकिलाला बरोबर घेऊन सगळ्या देणेकऱ्यांना एकच आकडेवारी दाखवा. घर तुम्ही स्वतः, सावकाश विकलं तर लिलावापेक्षा चांगला भाव येण्याची शक्यता असते आणि रिसीव्हरचा खर्चही वाचतो. पैसे सगळ्यांना सारख्याच प्रमाणात, लेखी तडजोडीने द्या. कोणी जप्तीचा आदेश आणला, तरच अर्जाचा विचार करा. अर्जानंतरही तडजोड होऊ शकते. तिला देणेकऱ्यांचं संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश लागतं. 25 लाखांत ते पावणेएकोणीस लाख होतात. बँक आणि सुरतकर मिळून 17 लाखच होतात, म्हणजे सोसायटीला वगळलं तर मेहुण्यासकट बाकी जवळपास सगळ्यांचा होकार लागेल.

सोसायटीकडे आधी जा, याला आणखी एक कारण आहे. तुमच्या कर्जाला जामीन राहिलेली माणसं बहुधा तुमच्याच गल्लीतली असतील. तुम्हाला मुक्ती मिळाली तरी जामीनदार सुटत नाहीत. उरलेली रक्कम सोसायटी त्यांच्याकडून वसूल करू शकते. त्यांना हे नोटिशीतून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा आणि तडजोडीच्या कागदात त्यांच्या सुटकेचं कलम लिहून घ्या. कागद कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला नीट वाचता येत नसेल, तर ओळीन् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.