पेटंटला घसारा लावताना भंगार किंमत का धरत नाहीत?

प्रश्न: "यंत्रावर घसारा काढतो तसाच पेटंट आणि सॉफ्टवेअर लायसन्सवर काढला तर काय बिघडतं? नाव फक्त अमॉर्टायझेशन आहे ना?"

गणित जवळपास सारखंच आहे. फरक आयुष्य कुठून येतं त्यात आहे, आणि गोची तिथेच होते.

यंत्र झिजतं. किती वर्षं चालेल हे वापर, देखभाल आणि आधीच्या यंत्रांच्या अनुभवावरून ठरवता येतं, आणि शेवटी लोखंड तरी विकलं जातं. म्हणून १० लाखांच्या यंत्राची भंगार किंमत १ लाख धरली, तर पाच वर्षांत ९ लाखच वाटायचे. पेटंट झिजत नाही, संपतं. एका तारखेला हक्क गेला की विकायला काही उरत नाही. म्हणून अमूर्त मालमत्तेची अवशिष्ट किंमत शून्य धरतात. मुदतीअखेर ती विकत घ्यायची कोणी आधीच हमी दिली असेल किंवा तिला चालू बाजार असेल, तरच अपवाद. तसं क्वचितच घडतं.

माझ्या सुरुवातीच्या एका ऑडिटमध्ये २४ लाखांना विकत घेतलेलं पेटंट सरळ २० वर्षांत वाटलेलं दिसलं. वर्षाला १ लाख २० हजार. पण पेटंटची २० वर्षं साधारणपणे अर्ज केल्या दिवसापासून मोजतात, आणि या अर्जाला खरेदीच्या वेळीच ८ वर्षं झाली होती. हक्क उरला होता १२ वर्षांचा. २० वर्षांच्या हिशेबाने १२ वर्षांनंतरही पुस्तकात ९ लाख ६० हजार राहिले असते, तेही संपलेल्या हक्काचे!

तिथेही थांबून चालत नाही. कायद्याची मुदत म्हणजे फक्त कमाल मर्यादा. उत्पादन ८ वर्षांत जुनं होईल असं वाटत असेल, तर ८ वर्षंच धरायची, म्हणजे वर्षाला ३ लाख. समजा, तीन वर्षांनी प्रतिस्पर्ध्याने सरस तंत्र आणलं. पुस्तकात १५ लाख उरलेत आणि आता उपयोग तीनच वर्षं दिसतोय. मग पुढची तीन वर्षं प्रत्येकी ५ लाख. मागची वर्षं उकरायची नाहीत, कारण अंदाज बदलला, चूक झाली नव्हती. मात्र ते १५ लाख या पेटंटमधून वसूल होतील का, हेही तेव्हाच तपासायचं. होत नसतील तर कमी पडणारी रक्कम लगेच खर्ची टाकायची.

लायसन्सचं तसंच. करार तीन वर्षांचा असेल तर तीन वर्षं. "नूतनीकरण करूच की" म्हणून पाच धरता येत नाहीत. ते नक्की मिळेल आणि फारसा खर्च येणार नाही, याचा पुरावा हवा. आणि दरमहा पैसे भरून इंटरनेटवर वापरायचं सॉफ्टवेअर असेल, तर बहुतेक वेळा मालमत्ताच नसते. तो त्या महिन्याचा खर्च, अमॉर्टायझेशनचा प्रश्नच येत नाही.